पैसे न भरता विमानात बरी सीट कशी मिळवायची: वेब चेक-इनची वेळ, काउंटर आणि मधल्या सीटचं गणित

सोलापूरहून विमान पकडणारे बहुतेक लोक अजूनही पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जातात. दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता असं कुठलंही तिकीट काढलं की दोन दिवस आधी मोबाईलवर वेब चेक-इनचा मेसेज येतो. त्यावर टिचकी मारली की सीटांचा नकाशा उघडतो आणि जवळजवळ प्रत्येक सीटवर किंमत लिहिलेली दिसते. चौघांचं कुटुंब असेल तर इथेच हजार-दीड हजार जातात. यातले बरेचसे पैसे लोक गरज म्हणून भरत नाहीत. सीट निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं त्यांना वाटतं म्हणून भरतात.

तसं काही नाही. कन्फर्म तिकिटात प्रवासाची जागा आलीच. पैसे लागतात ते ठरावीक सीट स्वतः निवडण्याचे. जो निवडत नाही त्याला कंपनीची यंत्रणा आपणहून सीट देते, आणि तशी सोय असलीच पाहिजे असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परिपत्रकात आहे. सीट, जेवण, जादा सामान अशा वेगळ्या पैशांच्या सेवा प्रवाशाने मागितल्या तरच लावायच्या, आधीच टिक करून त्याच्या गळ्यात मारायच्या नाहीत, हेही त्यातच आहे.

प्रश्न उरतो तो फुकटात मिळणारी सीट बरी कशी मिळेल याचा. इथे नशिबापेक्षा वेळेचा भाग मोठा आहे. पुढचं सगळं देशांतर्गत, स्वस्त तिकिटाच्या प्रवासाबद्दल आहे.

आधी हाताशी ठेवा

- पीएनआर आणि तिकिटावर छापलेलं आडनाव, अगदी त्याच स्पेलिंगने
- तिकिटाला जोडलेला मोबाईल नंबर किंवा ई-मेल
- प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र; लहान मुलांच्या वयाचा पुरावा, तान्ह्या बाळाचा जन्मदाखला
- चार्ज असलेला फोन आणि बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट. प्रिंट हवी असेल तर आदल्या दिवशीच झेरॉक्सच्या दुकानातून काढा

एजंटकडून तिकीट काढत असाल तर एक गोष्ट तिथेच बघून घ्या. पुष्कळ एजंट तिकिटावर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतात. मग चेक-इन सुरू झाल्याचा, वेळ बदलल्याचा, विमान बदलल्याचा मेसेज त्यांच्याकडे जातो आणि तुम्हाला कळतं ते काउंटरवर. तिकीट काढतानाच "नंबर माझा टाका" म्हणून सांगा. दहा किंवा जास्त जणांचं ग्रुप तिकीट असेल, यात्रेला वगैरे, तर सीटा बहुधा एकगठ्ठा दिल्या जातात. त्याची चौकशी एजंटकडेच करावी लागते. खाली दिलेल्या युक्त्या तिथे फारशा चालत नाहीत.

१. यंत्रणा सीट कशी देते ते समजून घ्या

इंडिगो आणि एअर इंडिया एक्सप्रेससारख्या कंपन्या पुण्याहून वापरतात त्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीच्या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा असतात. A आणि F खिडकीच्या, C आणि D वाटेकडच्या म्हणजे आइलच्या, B आणि E मधल्या. ए३२० मध्ये साधारण १८० ते १८६ सीटा असतात.

कंपनीच्या यंत्रणेत या सीटांचे गट पाडलेले असतात. पहिली रांग आणि आपत्कालीन दरवाजाच्या रांगा सगळ्यात महाग, कारण पाय पसरायला जागा जास्त. मग पुढच्या रांगा. मग खिडकी आणि आइल. तळाला उरतात मागच्या भागातल्या मधल्या सीटा. यातल्याच काहींवर शून्य रुपये दिसतात. याशिवाय काही सीटा कुणालाच न विकता अडवून ठेवलेल्या असतात: व्हीलचेअरवरचे प्रवासी, तान्हं बाळ घेऊन येणाऱ्या आया, कंपनीचे नेहमीचे प्रवासी, कधी ड्युटीवर प्रवास करणारे कर्मचारी यांच्यासाठी. नकाशावर या सीटा भरलेल्या दिसतात. म्हणजे नकाशा निम्मा भरलेला दिसला तरी विमान निम्मं विकलं गेलंय असं समजू नका.

तुम्ही सीट न निवडता चेक-इन केलं की यंत्रणा आधी तळाच्या गटातून देते. विकता येण्यासारखी सीट शक्यतो विकायला राखायची, हा सरळ हिशेब. म्हणून पहिल्याच तासात न निवडता चेक-इन करणाऱ्याला बहुधा 27B किंवा 29E मिळते. विमानाच्या वजनाचा तोलही यात येतो: विमान रिकामं असेल तर सगळ्यांना एकाच टोकाला कोंबता येत नाही, पुढे-मागे वाटून बसवावं लागतं.

आता यातली कळीची गोष्ट. फुकट सीटांचा गट संपतो, पण चेक-इन न केलेले प्रवासी उरलेलेच असतात. त्यांनाही बसवायचंच असतं. मग त्यांना कुठून देणार? न विकल्या गेलेल्या पैशांच्या सीटांतूनच. म्हणजे नकाशावर एकही शून्याची सीट दिसत नसेल तर घाबरून पैसे भरायची गरज नसते. उलट, न निवडता पुढे गेलात तर बऱ्यापैकी सीट मिळायची शक्यता त्याच वेळी सगळ्यात जास्त असते. सगळ्यात जास्त लोक पैसे भरतात तेही नेमके इथेच.

२. तुम्ही कुठल्या गटातले ते ठरवा

सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. "उशिरा चेक-इन करा, पुढची सीट मिळते" हे ऐकून कुटुंबवाल्यांनी तसं केलं तर चौघं चार दिशांना बसतील.

एकटे असाल, विमान जवळजवळ भरलेलं असेल: उशिरा चेक-इन फायद्याचं.

एकटे असाल, विमान रिकामं असेल: कधीही करा, काउंटरवर मागा. फारसा फरक पडत नाही.

दोघं-तिघं किंवा कुटुंब, एकत्र बसायचंय: वेब चेक-इन सुरू होताच करा. अशा वेळी खिडकीचा हट्ट सोडायचा आणि एकत्र बसण्यावर भर द्यायचा.

विमान किती भरलंय ते कसं कळणार? कंपनीच्याच साइटवर जाऊन त्याच विमानाचं ९ जणांचं तिकीट शोधून बघा, पैसे भरायच्या आधी थांबा. एका पीएनआरवर साधारण ९ जणच घेता येतात. ९ जणांसाठी ते विमान दिसलं तर निदान तेवढ्या सीटा तरी शिल्लक आहेत. दिसलं नाही, तर ८, ५, २ असे आकडे टाकून बघा. दोघांनाही तिकीट मिळत नसेल तर विमान फुल्ल आहे असं धरून चाला. हे निघायच्या आदल्या रात्री बघितलेलं बरं.

३. तिकीट काढताना: सगळे एकाच पीएनआरवर

यंत्रणा एका पीएनआरवरच्या लोकांना जवळ बसवायचा प्रयत्न करते. वेगवेगळ्या पीएनआरवरचे लोक एकाच घरातले आहेत हे तिला कळायला मार्ग नसतो. दोघांनी आपापल्या मोबाईलवरून ऑफर लावून वेगळी तिकिटं काढली, शंभर रुपये वाचवले आणि मग शेजारी बसायला सहाशे भरले, असं होऊ देऊ नका.

मूल बरोबर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायचीच, आणि त्याची नोंदही ठेवायची. यासाठी पैसे भरायचे नाहीत. पण नीट वाचा: अट "एकाच पीएनआरवर" अशी आहे आणि हमी एका पालकाची आहे. आई, बाबा, आजी, ताई सगळे एका ओळीत, अशी हमी कुणी दिलेली नाही.

तिकीट काढतानाच सीट निवडायचं पान येतं तेव्हा ते सोडून पुढे जा. "सीट न निवडता पुढे" असा पर्याय बहुधा बारीक अक्षरांत, कोपऱ्यात असतो आणि पैसे भरायचं बटण ठळक रंगात. तो दाबला की "तुमच्या आवडीची सीट मिळणार नाही, नक्की?" अशा अर्थाची चौकट येते. तीही ओलांडा. शेवटच्या पानावर एकूण रकमेचा तपशील उघडून सीटचे पैसे लागलेले नाहीत ना ते बघा. न मागितलेली गोष्ट बिलात घुसवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या ग्राहक संरक्षणविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार चुकीचंच आहे. तरी आपलं बिल आपण बघितलेलं बरं.

४. वेब चेक-इनच्या मुदतीत दोन वेळा महत्त्वाच्या

बऱ्याच देशांतर्गत कंपन्यांचं वेब चेक-इन विमान सुटायच्या ४८ तास आधी सुरू होतं आणि ६० मिनिटं आधी बंद होतं. आपल्या तिकिटावर वेळ तपासा, कारण कंपनीगणिक आणि परदेशी प्रवासाला ती बदलते.

पहिली वेळ म्हणजे अगदी सुरुवातीची. शून्य रुपयांच्या सीटा या वेळी सगळ्यात जास्त उघड्या असतात. कुटुंबासाठी हीच वेळ. शनिवारी दुपारी २:१० चं विमान असेल तर गुरुवारी दुपारी २:१० ला फोन हातात घ्या. शून्याच्या दोन सीटा शेजारी-शेजारी क्वचितच दिसतात, कारण त्या मधल्याच असतात. पण 26B आणि 27B अशा एकामागे एक असतील तर उचला. पुढे-मागे बसलेल्यांना पुढे काउंटरवर किंवा विमानात जुळवून घेणं सोपं जातं. मूल बरोबर असेल तर हाताने एकेक मधली सीट निवडू नका. तसं केलंत तर मुलाला तुम्हीच वेगळं बसवलं असं होतं. न निवडता पुढे जा, यंत्रणेला जोडी लावू द्या.

दुसरी वेळ म्हणजे विमान सुटायच्या साधारण तीन ते चार तास आधीची. एकट्या प्रवाशासाठी ही. तोवर फुकट सीटा बहुतेक उडालेल्या असतात. अडवून ठेवलेल्या काही सीटाही विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात येऊन मोकळ्या होऊ लागतात.

याहून जास्त ताणू नका. विमान कंपन्या कधी कधी सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले तर कुणीतरी खाली राहतो, आणि ज्याने चेक-इन केलेलं नाही, ज्याच्या नावावर सीट नाही, तो यात आधी सापडतो. वेळेत पोचूनही असं नाकारलं गेलं तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे असतात. तुम्हाला एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ एकेरी भाडं अधिक इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल ₹१०,०००. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल ₹२०,०००. पैसे ठीक आहेत, पण दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा ऑपरेशन असेल तर खिडकीपायी हा खेळ कशाला? अशा प्रवासात आदल्या दिवशीच चेक-इन उरका आणि मधली सीट मिळाली तर मधलीत बसा.

सोलापूरकरांसाठी यात आणखी एक मेख आहे. तुमचे ते तीन-चार तास रस्त्यात जातात. पुणे रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटर, गाडीने साडेचार-पाच तास, आणि लोणी काळभोर ते हडपसर किती वेळ खाईल हे कुणी सांगू शकत नाही. थेऊर फाट्यावरून केसनंद, वाघोलीमार्गे लोहगाव गाठणारे बरेच आहेत ते यासाठीच. उशिरा चेक-इन करायचंच असेल तर पाटसचा टोलनाका ही हद्द धरा. तिथे चहाला थांबाल तेव्हा फोनवर काम उरका. पुढे गर्दी लागली, रेंज गेली, बॅटरी गेली तरी बोर्डिंग पास हातात असेल. "विमानतळावर जाऊन बघू" हे पुण्यात राहणाऱ्याला परवडतं.

५. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आई, बाबा, सात वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आजी. पुणे–दिल्ली, शनिवारी दुपारी २:१०, ए३२०, चौघं एका पीएनआरवर.

गुरुवारी दुपारी २:२० ला वेब चेक-इन उघडलं. नकाशावर 24 ते 30 या रांगांत आठ-दहा मधल्या सीटा शून्य रुपयांच्या दिसल्या, बाकीच्या पैशांच्या. सीट न निवडता पुढे गेल्यावर मिळाल्या: आई 26D, मुलगी 26E, बाबा 27B, आजी 29E. मूल पालकाशेजारी बसलं, म्हणजे नियम पाळला गेला. आजी मात्र तीन रांगा मागे, आणि तीही मधल्या सीटवर, दोन अनोळखी लोकांच्या मध्ये.

इथे आजीसाठी ॲपवर पैसे भरू नका. शनिवारी ११:३० च्या सुमारास बॅगा द्यायला काउंटरवर जायचंच आहे. तिथे चार मागण्या करू नका, एकच करा: "मॅडम, आजी 29E वर आहेत, गुडघ्याचा त्रास आहे. रांग कुठलीही चालेल, फक्त आइल मिळेल का?" काउंटरवरच्या माणसाला पडद्यावर अडवलेल्या सीटाही दिसतात. त्याने 27C मोकळी करून दिली तर आजी आणि बाबा शेजारी आले, आणि वाट ओलांडून एक रांग पुढे आई आणि मुलगी. नवा बोर्डिंग पास छापून घ्या आणि मोबाईलमधला जुना स्क्रीनशॉट पुसून टाका. गेटवर जुना पास स्कॅन करून गोंधळ घालणारे रोज दोन-चार तरी असतात.

त्याच विमानात एकटा विद्यार्थी आहे. आदल्या रात्री ९ जणांचा शोध घेतला तर विमान दिसलं नाही, दोघांसाठी दिसलं. म्हणजे जवळपास भरलेलं. शनिवारी १० वाजता पाटसला नकाशा उघडला: शून्याची एकही सीट नाही, 3 ते 11 या रांगांत तुरळक खिडक्या आणि आइल मोकळ्या, सगळ्यांवर किंमत. न निवडता पुढे गेल्यावर यंत्रणेला यातूनच एक द्यावी लागते. 8F मिळाली तर उत्तमच, कारण विमान उत्तरेकडे जाताना दुपारचं ऊन डाव्या, म्हणजे A च्या बाजूने येतं. 10B मिळाली तर मधली असली तरी पुढची आहे, उतरताना वीस रांगांची गर्दी मागे राहते.

साइटने सीट न देता "काउंटरवर या" असं सांगितलं तर तेही पैसे न भरता होतं. काउंटरवर बोर्डिंग पास द्यायला वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना स्पष्ट सांगितलंय. फक्त आता वेळेत पोचणं तुमच्याकडे आलं. काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतो, आणि एक मिनिट उशीर झाला तरी तो उशीरच.

६. काउंटरवर आणि गेटवर काय मागायचं

काउंटरवर पोचायची चांगली वेळ म्हणजे सुटायच्या दोन-अडीच तास आधी. रांग लहान असते आणि अडवलेल्या सीटा अजून वाटून झालेल्या नसतात. शेवटच्या वीस मिनिटांत तिथला माणूस घाईत असतो, त्या वेळी नकारच येणार.

नेमकं एक मागा आणि दुसरीकडे सवलत द्या: "मागची रांग चालेल, पण खिडकी हवी", "खिडकी नको, आम्हा दोघांना शेजारी द्या". नुसतं "चांगली सीट द्या" म्हटलं की समोरचा काहीच शोधत नाही. पैशांची सीट आहे, पैसे भरावे लागतील, असं उत्तर आलं तर वाद घालू नका. तो त्याचा अधिकार आहे. "मग फुकटातली कुठली आहे?" एवढंच विचारा.

बोर्डिंग पासवर SEQ असं लिहून एक आकडा असतो. चेक-इन करणाऱ्यांत तुमचा क्रमांक कितवा, ते त्यावरून कळतं. १८६ सीटांच्या विमानात सुटायच्या दीड तास आधी चेक-इन करून तुमचा SEQ ७० च्या आसपास असेल तर विमान बरंच रिकामं जाण्याची शक्यता आहे, गेटवर विचारायला हरकत नाही. १७० असेल तर विचारण्यात अर्थ नाही. सीटच्या जागी आकडा नसून GATE किंवा SBY असं छापलेलं असेल तर काउंटर सोडू नका. सीट गेटवर मिळणार आहे की तुमचं नाव प्रतीक्षेत आहे, ते तिथेच स्पष्ट विचारून घ्या.

गेटवर विचारायची वेळ म्हणजे बोर्डिंग सुरू व्हायच्या थोडं आधी. काउंटर बंद झाल्यावर न आलेल्यांच्या सीटा तेव्हा मोकळ्या दिसू लागतात. बोर्डिंग सुरू झाल्यावर गेटवरच्या माणसाला तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते.

आपत्कालीन दरवाजाच्या रांगेची सीट फुकट मिळाली तर आधी अटी बघा. लहान मुलं, गरोदर बायका, बाळ घेतलेले, दरवाजा उघडायला मदत करू न शकणारे यांना तिथे बसवत नाहीत, आणि कर्मचाऱ्यांच्या सूचना समजल्या पाहिजेत. सुटताना आणि उतरताना पायाशी पिशवी ठेवता येत नाही. अशा दोन रांगा एकामागे एक असतील तर पुढच्या रांगेची पाठ मागे जात नाही, तेव्हा झोपायचं असेल तर ही सीट काही फार भारी नाही. विमानाच्या अगदी शेवटच्या रांगेचीही पाठ सहसा जात नाही, शिवाय शौचालयाची रांग डोक्यावर.

तान्हं बाळ असेल तर एक कमी माहिती असलेली अडचण: तीन सीटांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मास्क साधारण चारच असतात, म्हणून एका बाजूच्या तीन सीटांत एकच बाळ बसवतात. दोन बहिणी दोन बाळं घेऊन निघाल्या तर त्यांना शेजारी बसवणार नाहीत, कितीही विनवलं तरी. वाटेच्या अल्याड-पल्याड मागा.

आणि गरज नसताना पुढची सीट मिळावी म्हणून व्हीलचेअर मागू नका. खरी गरज असलेल्यांना त्यामुळे ताटकळावं लागतं. शिवाय उतरताना व्हीलचेअरवाल्यांना बहुधा सगळ्यात शेवटी सोडतात, त्यामुळे फायदाही काही होत नाही.

७. सोलापूरहूनच उडत असाल तर

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये फ्लाय९१ ने गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टार एअरने मुंबईची सेवा सुरू केली. ही विमानं लहान: फ्लाय९१ चं एटीआर ७२, स्टार एअरचं एम्ब्राएर १७५. दोन्हींत वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच सीटा, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही. सीटचे पैसे भरायचं कारण इथे आणखी कमी होतं. दोघं असाल आणि एकाच पीएनआरवर असाल तर शेजारी मिळायची शक्यता चांगली.

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात. म्हणजे मोठ्या विमानाच्या उलटा हिशेब: मागे बसलेला आधी उतरतो. पंखेही पुढच्या-मधल्या रांगांच्या बाजूला येतात, त्यामुळे तिथे घरघर जास्त आणि मागे त्या मानाने कमी. पंख छपरापाशी असल्याने खाली बघायला जवळजवळ कुठलीही खिडकी चालते. पुढच्या रांगेसाठी इथे जादा पैसे मोजण्यात काहीच हशील नाही.

८. विमानात चढल्यावर

शेवटची संधी दरवाजा बंद झाल्यावर. "बोर्डिंग पूर्ण झालं" अशी घोषणा झाल्यावर एअर होस्टेसला विचारा, आपणहून उठून बसू नका. वजनाचा तक्ता तुम्हाला दिलेल्या सीटा धरून बनलेला असतो. मोठ्या विमानात एकाने दोन रांगा पुढे सरकल्याने काही होत नाही, पण एटीआरमध्ये चार-पाच जण पुढून मागे गेले तर फरक पडतो, म्हणून तिथे सरळ नकार येऊ शकतो. मग विमान वर जाऊन सीटबेल्टची खूण विझल्यावर पुन्हा विचारा. पैशांच्या रिकाम्या सीटवर, विशेषतः पाय पसरायच्या रांगेत, बहुधा तेव्हाही बसू देत नाहीत.

शेजाऱ्याशी अदलाबदल करायची असेल तर त्याला बरोबरीची किंवा त्याहून बरी सीट द्या. आइलवाल्याला तुमची 29E देऊ केली तर तो का उठेल? आइलच्या बदल्यात आइल, खिडकीच्या बदल्यात खिडकी, एवढं जमवलं तर बहुतेक लोक उठतात. पिशवी वरच्या कप्प्यात चढवायच्या आधीच विचारा. एकदा सगळ्यांचं सामान बसलं की कुणी हलत नाही.

विमानच बदललं, म्हणजे मोठ्याऐवजी लहान आलं किंवा सीटांची मांडणी वेगळी निघाली, तर आधी मिळालेल्या सीटा रद्द होऊन नव्याने वाटल्या जातात. निघायच्या आदल्या रात्री आणि विमानतळावर पोचल्यावर असं दोनदा ॲप उघडून सीट तीच आहे ना ते बघा. मूल वेगळ्या रांगेत गेलं असेल तर गेटपर्यंत थांबू नका, बॅगा देतानाच काउंटरवर दुरुस्त करून घ्या.